हिशेब टप्प्याचा: साधी, हिरकणी की शिवशाही?

एसटीचं भाडं किलोमीटरवर नाही, टप्प्यावर चालतं. एक टप्पा म्हणजे 6 किलोमीटर. वाहक ‘कुठं?’ विचारतो आणि यंत्राची बटणं दाबतो, तेव्हा ते यंत्र चढायच्या आणि उतरायच्या थांब्यांमधले टप्पे मोजत असतं. टप्प्याचा दर गाडीच्या प्रकारानुसार बदलतो. कोणती गाडी पकडावी, आधी आरक्षण करावं का आणि आजीला अर्धं तिकीट लागेल की कमी, या सगळ्याची उत्तरं या टप्प्यातच सापडतात.

25 जानेवारी 2025 ला एसटीची भाडेवाढ झाली. त्या वेळी साध्या गाडीचा दर टप्प्याला 10 रुपये 5 पैसे ठरला. जलद गाडी आणि रातराणी यांनाही हाच दर. रात्रीच्या गाडीला जास्त पैसे पडतात अशी पुष्कळांची समजूत अजून आहे. पूर्वी ते खरं होतं, आता नाही. निमआराम म्हणजे हिरकणीचा टप्पा 13 रुपये 65 पैसे, वातानुकूलित शिवशाहीचा 14 रुपये 20 पैसे आणि शिवनेरीचा 21 रुपये 25 पैसे.

हे आकडे शेजारी ठेवले की एक गोष्ट लगेच दिसते. साध्या गाडीवरून हिरकणीवर जायला टप्प्याला साडेतीन रुपयांहून जास्त मोजावे लागतात, पण हिरकणीवरून शिवशाहीवर जायला फक्त 55 पैसे. म्हणून ‘एसी परवडत नाही, निमआराम बघू’ हा पिढीजात हिशेब आता तपासून पाहायला हवा. निमआराम नको असं मात्र मी म्हणणार नाही. हिरकणीच्या खिडक्या उघडतात. एसी गाडीच्या काचा बंद असतात आणि यंत्रणा वाटेत रुसली तर एप्रिलच्या दुपारी त्या बंद काचांमागे बसणं शिक्षाच असते. ज्यांना बंद गाडीत मळमळतं त्यांनी तर 55 पैशांच्या मोहात पडूच नये.

गाड्या ओळखायला सोप्या आहेत. तांबडी ती साधी, जिला आता सगळे लालपरी म्हणतात. हिरवी-पांढरी ती हिरकणी. शिवशाही 2017 मध्ये आली. तिच्यात दोन्ही बाजूंना दोन-दोन आसनं आणि पाठ मागे रेलता येण्याची सोय आहे. शिवनेरीची मुख्य धाव मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात, आणि तिचंच विजेवर चालणारं भावंड ई-शिवनेरी. ई-शिवाई हीसुद्धा विजेवर चालणारी वातानुकूलित गाडी; ती पहिल्यांदा 1 जून 2022 ला पुणे-नगर मार्गावर धावली. 1948 साली एसटीची पहिली गाडी त्याच तारखेला त्याच मार्गावर सुटली होती. ई-शिवाई, शिवशाही आणि शिवनेरी ही नावं कानाला इतकी जवळची आहेत की घरातल्या मोठ्यांसाठी तिकीट काढताना नक्की कोणती गाडी हे दोनदा विचारून घ्यावं.

आता सवलत. राज्यातल्या 75 वर्षांवरील ज्येष्ठांना 26 ऑगस्ट 2022 पासून अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेखाली मोफत प्रवास आहे. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना भाड्यात 50 टक्के सूट मिळते. 17 मार्च 2023 पासून महिला सन्मान योजनेत सर्व वयाच्या स्त्रियांना निम्मं भाडं आहे. आजी 70 वर्षांच्या असतील तर त्यांना ज्येष्ठ म्हणून अर्धं आणि बाई म्हणून आणखी अर्धं, असा पाव तिकिटाचा हिशेब काही जण मांडतात. तसं होत नाही. एका प्रवाशाला एकच सवलत मिळते. 65 ते 75 वयाच्या स्त्रीचं तिकीट महिला सन्मान योजनेतून निघतं आणि 75 पूर्ण झाली की ती अमृत योजनेत जाते.

सूट मिळते ती मूळ भाड्यावर. अपघात सहायता निधी, वातानुकूलित गाडीवरचा जीएसटी आणि आगाऊ आरक्षणाचा आकार हे भाड्याबाहेरचे आहेत. त्यामुळे अर्ध्या तिकिटाचा आकडा पूर्ण तिकिटाच्या बरोबर निम्मा येत नाही, आणि थांब्यावर ‘वाहकानं दोन रुपये जास्त घेतले’ अशी कुरकूर ऐकू येते.

एक घर घेऊ आणि त्याला स्वारगेटहून कोल्हापूरला पाठवू. अंतर साधारण 240 किलोमीटर धरलं तर 40 टप्पे होतात. घरात आजोबा 78 वर्षांचे, आजी 70 च्या, मुलगा 45 चा आणि सून 42 ची. साध्या गाडीचं मूळ भाडं माणशी 402 रुपये, हिरकणीचं 546 आणि शिवशाहीचं 568. शिवशाहीनं गेले तर आजोबांना भाडं नाही, आजींना 284, सुनेला 284 आणि मुलाला पूर्ण 568. एकूण 1136 रुपये. साध्या गाडीनं हेच घर 804 रुपयांत जातं. म्हणजे चौघांना मिळून 332 रुपये जास्त आणि वर थोडा कर, एवढ्यात एसी गाडी. सवलत नसती तर हा फरक दुप्पट, 664 रुपयांचा झाला असता. सवलतीनं तिकीट स्वस्त होतं तसा वरच्या गाडीत जाण्याचा खर्चही कमी होतो, हे घरातल्या मोठ्यांना सांगायला हवं. ‘आमच्यासाठी साधीच काढ’ हे वाक्य ते सवयीनं म्हणतात.

या घरात पूर्ण तिकीट एकट्या मुलाचं आहे, आणि त्याच्यासाठीही वाट आहे. 1 जुलै 2025 पासून 150 किलोमीटरहून लांबच्या प्रवासाचं आगाऊ आरक्षण करणाऱ्या पूर्ण तिकिटाच्या प्रवाशाला भाड्यात 15 टक्के सूट ठेवली गेली. दिवाळी आणि गणपतीच्या गर्दीचा काळ त्यातून वगळलेला आहे. आधीच सवलत घेणाऱ्यांना ती मिळत नाही. मुलाच्या 568 मधून 85 रुपये 20 पैसे कमी झाले तर घराचा आकडा 1050 च्या आसपास येतो. म्हणून आरक्षण करायचंच तर पुरुषाचं तिकीटही त्याच वेळी काढावं. ‘मी ऐनवेळी उभा राहून येतो’ यात जागाही जाते आणि सूटही.

आरक्षण आगारातल्या खिडकीवर होतं, तसंच मोबाइलवर `MSRTC Bus Reservation` या अॅपवरून किंवा `npublic.msrtcors.com` या संकेतस्थळावरूनही. साधारण 60 दिवस आधीपासून तिकीट निघतं. पुष्कळ जण अडकतात ते थांबा निवडताना. नुसतं ‘पुणे’ म्हणून चालत नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कोकणाकडच्या गाड्या स्वारगेटहून सुटतात. नाशिक, नगर आणि मराठवाड्याकडच्या गाड्या शिवाजीनगरच्या. ते स्थानक आता वाकडेवाडीला आहे. दादरची शिवनेरी पुणे स्टेशनहून. मुंबईतही तेच: परळ, मुंबई सेंट्रल, कुर्ला नेहरूनगर, बोरिवली हे वेगवेगळे थांबे आहेत. चुकीचा थांबा निवडला तर यादी रिकामी येते आणि माणूस समजतो की गाडीच नाही.

यादी रिकामी येण्याचं दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. एसटीच्या सगळ्या फेऱ्या आरक्षणाला खुल्या नसतात. तालुक्याहून गावाकडं जाणाऱ्या लालपरीची नोंद पडद्यावर सापडणार नाही, पण गाडी रोज वेळेवर निघत असते. अशा फेरीची वेळ आगारात विचारावी किंवा चौकशी खिडकीच्या फळ्यावर पाहावी.

प्रवाशांची नावं भरताना प्रत्येकासमोर प्रकार निवडावा लागतो: पूर्ण, महिला, ज्येष्ठ नागरिक, 75 वर्षांवरील. घाईत चौघांचंही ‘पूर्ण’ राहून गेलं तर आजोबांचे पैसे पूर्ण कापले जातात, आणि गाडीत वाहकाकडं फरक मागून उपयोग नसतो. पैसे भरण्याआधीच्या शेवटच्या पानावर प्रत्येकाचं भाडं वेगळं दिसतं, तिथे नजर टाकावी. आरक्षणाचा आकार आजोबांच्या मोफत तिकिटालाही लागतो. तिकीट रद्द केलं तर तो परत मिळत नाही, आणि सुटायची वेळ जवळ येईल तशी भाड्यातली कपातही वाढते.

गाडीत ओळखपत्र दाखवावंच लागतं. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पॅन, ज्यावर फोटो आणि जन्मतारीख आहे असं काहीही. जुन्या आधार कार्डांवर कित्येकदा फक्त जन्माचं वर्ष असतं. पंच्याहत्तरी नेमकी याच वर्षी पूर्ण होणार असेल तर अशा कार्डावरून वाद होतो. तारीख असलेलं दुसरं कागदपत्र जवळ असावं.

ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे. कोल्हापूरहून बेळगावला निघालेल्या आजींना कागलच्या पुढे, सीमा ओलांडल्यावर, पूर्ण भाडं पडतं. सावंतवाडीहून पणजीला जाताना बांद्याच्या पुढे तेच, आणि गोव्याच्या कदंबा गाडीत एसटीची सवलत मुळीच चालत नाही.

विद्यार्थ्यांचं गणित वेगळं आहे, कारण त्यांची सवलत तिकिटात नसून पासात असते. मासिक पासावर 66.67 टक्के सूट, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश भरायचा. गावापासून कॉलेज 18 किलोमीटरवर असेल तर तीन टप्पे, एका फेरीचे सुमारे 30 रुपये, जाऊन-येऊन 60. तीस दिवसांचे 1800 होतात, पास साधारण 600 ला पडतो. बारावीपर्यंतच्या मुलींना पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर योजनेत हा पास मोफत आहे. बारावीनंतरच्या मुली महिला सन्मानच्या अर्ध्या तिकिटावर रोज ये-जा करताना दिसतात, आणि तिथे त्यांचं नुकसान होतं: अर्ध्या तिकिटानं महिन्याला 900 जातात, विद्यार्थी पासानं 600. पासाला शाळा-कॉलेजच्या सही-शिक्क्याचा अर्ज लागतो. जून 2024 पासून एसटीनं शाळांतच पास पोचवण्याची मोहीम घेतली, त्यामुळे आगाराच्या खिडकीवरची रांग पुष्कळ ठिकाणी टळते. आपल्या शाळेनं यादी पाठवली आहे का, हे पालकांनी जूनच्या पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना विचारावं.

वसतिगृहात राहणाऱ्या मुलांसाठी आणखी एक जुनी सोय आहे, जी फारशी कुणी मागत नाही. सुट्टीत मूळ गावी जाण्या-येण्यासाठी, परीक्षेला जाण्यासाठी किंवा आजारी आई-वडिलांना भेटायला जाण्यासाठी विद्यार्थ्याला निम्म्या भाड्याची सवलत आहे. तिचा अर्ज शिक्षणसंस्थेच्या कार्यालयातून सही-शिक्का घेऊनच न्यावा लागतो. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजचं कार्यालय बंद होण्याआधी तो हातात असला पाहिजे. मुलगा बॅग भरून स्थानकावर पोचल्यावर तो कागद कुणीच देऊ शकत नाही.