नेमके ३० टक्के: खवा पास की नापास?

नृसिंहवाडीच्या पेढ्याची भिस्त खव्यावर असते. खवा बाहेरून घ्यायचा तर पुरवठादाराशी करार करावा लागतो, आणि नियमांतल्या इंग्रजी मर्यादा त्या करारात मराठीत लिहाव्या लागतात. गोंधळ होतो तो इथेच.

अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार खव्यात कोरड्या वजनावर दुधाची स्निग्धता ३० टक्क्यांहून कमी चालत नाही. आम्लताही ०.९ टक्क्याहून जास्त चालत नाही.

गैरसमज: ‘कमी नसावी’ काय नि ‘जास्त असावी’ काय, अर्थ एकच.

एक नमुना घेऊ. त्यात घनपदार्थ ६४ टक्के आहेत आणि स्निग्धता एकूण वजनाच्या १९.२ टक्के. कोरड्या वजनावर हिशेब केला, म्हणजे १९.२ ला ६४ ने भागले, की उत्तर नेमके ३० टक्के येते. नियमाप्रमाणे हा खवा पास आहे. पण करारात ‘३० टक्क्यांपेक्षा जास्त असावी’ असे लिहिले असेल, तर हाच माल परत जातो आणि पुरवठादाराचा काही दोष नसताना भांडण उभे राहते. ‘३० टक्क्यांपेक्षा कमी नसावी’ किंवा सरळ ‘किमान ३० टक्के’ असे लिहिले की ३० हा आकडा आत येतो. माझी पसंती ‘किमान’ला, कारण घाईत वाचताना ‘नसावी’तला नकार सहज निसटतो.

आम्लतेचेही तसेच. ‘०.९ पेक्षा कमी’ म्हटले की नेमके ०.९ बाद होते. ‘कमाल ०.९’ किंवा ‘जास्तीत जास्त ०.९’ म्हटले की ते चालते.

गैरसमज: ‘पर्यंत’ म्हटले की शेवटचा आकडा धरलेलाच असतो.

बोलण्यात बहुधा तसेच असते. कायद्यातही तारखांपुरती सोय आहे: १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम ९ प्रमाणे केंद्रीय कायद्यात ‘पासून’ म्हटले की पहिला दिवस वगळला जातो आणि ‘पर्यंत’ म्हटले की शेवटचा धरला जातो. पण हे कलम केंद्रीय कायद्यांच्या भाषेसाठी आहे. दोन व्यापाऱ्यांच्या कागदावर ते आपोआप लागू होईल असे समजू नये. शिवाय पहिला दिवस वगळला जातो, हे व्यवहारात अनेकांच्या ध्यानीमनीही नसते. म्हणून ‘१ तारखेपासून १५ तारखेपर्यंत, दोन्ही दिवस धरून’ असे लिहावे.

वजनाच्या टप्प्यांत तर हे फारच जपावे लागते. ‘० ते १० किलो एक दर, १० ते २० किलो दुसरा’ असे लिहिले, तर नेमका १० किलो खवा कोणत्या दराने घ्यायचा? ‘१० किलोच्या आत’ म्हटले तर काही जण १० धरतात, काही सोडतात. म्हणून पहिला टप्पा ‘१० किलोपर्यंत (१० किलो धरून)’ आणि दुसरा ‘१० किलोपेक्षा जास्त, २० किलोपर्यंत (२० किलो धरून)’ असा लिहावा. मग कोणताही आकडा दोन टप्प्यांत येत नाही की मधेच सुटत नाही.