रेषेला टेकला म्हणून स्वस्त?

२८ फेब्रुवारी २०२०, शुक्रवार. निफ्टी ११,२०१ च्या आसपास बंद झाला आणि चार्टवरच्या बोलिंजर बँडची खालची रेषा तोडून खाली गेला. रबर ताणलं की परत येणारच, असा हिशेब मांडणाऱ्याला ही खरेदीची वेळ वाटावी.

ती रेषा त्या दिवशी साधारण ११,४४० वर होती. तोवरच्या २० बंद भावांची सरासरी सुमारे ११,९३४ येते. हे भाव सरासरीभोवती किती विखुरले आहेत ते सांगणारं प्रमाण विचलन सुमारे २४७. त्याची दुप्पट सरासरीतून वजा केली की खालची रेषा, मिळवली की वरची. जॉन बोलिंजर यांनी १९८० च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत एवढंच सांगते, की गेल्या २० दिवसांच्या मानाने आजचा भाव टोकाला आहे. स्वस्त आहे असं ती म्हणतच नाही.

गंमत पुढे आहे. भाव पडतच राहिला तर सरासरी खाली येते, विचलन वाढतं आणि पट्टा रुंदावतो. जी रेषा आधार वाटत होती, तीच भावाबरोबर खाली सरकते. २३ मार्चला निफ्टी ७,६१० वर होता. त्या शुक्रवारपासून जवळपास ३२ टक्के खाली. रेषेला नुसतं टेकणं हा खरेदी-विक्रीचा इशारा नव्हे, हे खुद्द बोलिंजरच सांगतात. पट्टा आवळला की मोठी हालचाल येण्याची शक्यता असते हे खरं, पण ती वर की खाली, ते पट्टा सांगत नाही.

मग लोक खात्रीसाठी एमएसीडी लावतात. जेराल्ड अपेल यांच्या या साधनात १२ आणि २६ दिवसांच्या सरासऱ्यांमधला फरक ही एक रेषा, आणि त्या फरकाची ९ दिवसांची सरासरी ही दुसरी, म्हणजे सिग्नल लाइन. पहिलीने दुसरीला वर छेदलं की तेजीचा क्रॉसओव्हर. सरासऱ्याच त्या, भावाच्या मागून येणार. लांब चाललेल्या तेजीत हा उशीर परवडतो. पण समजा शेअर १०० ते १०६ मध्येच घुटमळतोय. छेद होईपर्यंत तो १०४ ला पोचतो, तुम्ही घेता. उलटा छेद होईपर्यंत तो १०२ ला येतो, तुम्ही विकता. दोन रुपये गेले, दलाली वेगळी. असं महिन्यात तीनदा झालं की माणूस साधनालाच शिव्या घालतो.

आणि 'दोन्ही इंडिकेटर जुळले' याने फार हुरळू नये. दोन्ही त्याच बंद भावांतून निघतात. साक्षीदार एकच, दोनदा बोलावलेला. शिवाय दुपारी दोनला दिसणारा क्रॉसओव्हर साडेतीनला पुसलेला असू शकतो, कारण त्या दिवसाचा बंद भाव अजून ठरलेलाच नसतो. जुन्या चार्टवर मात्र असे पुसलेले छेद दिसत नाहीत, उरलेले तेवढे दिसतात.