छोट्या व्यवसायाची घडी, भाग ९ : आठवण द्यायची, पण किती वाजता?

गेल्या आठवड्यात आपण भेटीच्या वेळांची नोंद कशी ठेवायची ते पाहिले. आज त्या वेळेची आठवण गिऱ्हाइकाला कधी द्यायची, ते पाहू. उदाहरण म्हणून नाशिकच्या सातपूर भागातला दातांचा एक दवाखाना धरू. सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ९ चालणारा, रविवारी बंद. रूट कॅनालसाठी एका रुग्णामागे पाऊण तास राखून ठेवावा लागतो, आणि तो रुग्ण आला नाही तर डॉक्टरांची खुर्ची तेवढा वेळ रिकामी राहते.

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ‘चोवीस तास आधी’ अशी आठवणीची वेळ आधीच भरलेली असते. ती कोणी बदलत नाही. मग सोमवारी सकाळी दहाच्या रुग्णाला रविवारी सकाळी दहाला मेसेज जातो. त्याला यायला जमणार नसेल, तर तो लगेच फोन करतो. पण दवाखाना बंद असतो. सोमवारी दार उघडेपर्यंत ती जागा दुसऱ्याला देण्याची संधी गेलेली असते. मंगळवारी रात्री पावणेनऊच्या रुग्णाला आदल्या रात्री पावणेनऊला मेसेज जातो, म्हणजे काउंटर आवरायच्या वेळी. आठवण नियमाप्रमाणे गेली, पण तिचा उपयोग कोणालाच झाला नाही.

म्हणून वेळ ठरवताना उलटीकडून यावे. रुग्णाने ‘नाही जमत’ म्हटल्यावर ते ऐकायला काउंटरवर माणूस हवा, आणि प्रतीक्षेतल्या दुसऱ्या रुग्णाला बोलवायला हाताशी दोन-तीन तास हवेत. आपल्या दवाखान्यात हे दोन्ही जुळते ते आदल्या कामाच्या दिवशी संध्याकाळी सव्वापाचला. तेव्हा काउंटर नुकताच उघडलेला असतो आणि रात्री नऊपर्यंत वेळ असतो. सोमवारच्या रुग्णांना ही आठवण शनिवारी जाईल. उत्तर आले नाही आणि काम पाऊण तासाचे असेल, तर साडेसहा ते पावणेआठच्या दरम्यान एकच फोन करावा. साध्या तपासणीसाठी फोनची गरज नाही. ‘येतो’ म्हणून कळवलेल्याला पुन्हा काही पाठवू नये. ज्याने काहीच कळवले नाही, त्याला भेटीच्या दिवशी दोन तास आधी एक छोटा मेसेज पुरे.

फोन आणि मेसेज यांना एकच वेळ लावू नये. मेसेज पडून राहतो, माणूस सवडीने वाचतो. फोन मात्र हातातले काम थांबवायला लावतो, किंवा झोप मोडतो. सातपूरच्या कारखान्यात तिसऱ्या पाळीला जाणारा कामगार सकाळी सातला सुटतो. आपल्याला सभ्य वाटणारी सकाळी अकराची वेळ ही त्याची मध्यरात्र असते. निफाडच्या शेतकऱ्याला कृषिपंपाची वीज रात्रीच्या पाळीत मिळत असेल, तर तो पहाटेपर्यंत बांधावर असतो. सकाळच्या शाळेतल्या शिक्षिकेला साडेबारापर्यंत फोन उचलता येत नाही, आणि दुपारी दोन ते चार तर कोणालाच नको. हे अंदाजाने ठरवू नये. नोंद करतानाच विचारावे, “काका, फोन करायचा झाला तर कधी चालेल?” आणि उत्तर नावापुढे लिहून ठेवावे. पाळी दर आठवड्याला बदलत असेल, तर ‘फोन नको, फक्त मेसेज’ ही नोंद सर्वांत बरी.

आता नियमांकडे येऊ. ट्रायच्या २०१८ च्या नियमावलीनुसार जाहिरातीचे आणि सेवेचे मेसेज वेगळे धरले जातात. जाहिरातीचे मेसेज मोबाइल कंपन्या सकाळी १० ते रात्री ९ या वेळेतच सोडतात, आणि ज्याने १९०९ वर अशा मेसेजना नकार नोंदवला आहे त्याला ते जात नाहीत. भेटीची आठवण सेवेत मोडते. तिला ही वेळेची अट लागत नाही आणि नकार नोंदवलेल्या माणसालाही ती पोचते. हाच मुद्दा नीट लक्षात घ्यायला हवा. रात्री अकराला पाठवलेली आठवण यंत्रणा अडवणार नाही, त्यामुळे मर्यादा आपणच घालायची असते. सकाळी ८ च्या आधी आणि रात्री ८ नंतर काहीही जाऊ नये, असे मी सुचवेन.

दुसरा मोह आठवणीलाच जाहिरात जोडण्याचा. ‘उद्या ११ वाजता आपली भेट आहे. दात पांढरे करून घेण्यावर या महिन्यात सूट!’ या दुसऱ्या वाक्याने अख्खा मेसेज जाहिरात ठरतो. एसएमएसचा मजकूर आधी नोंदवावा लागतो. सेवेसाठी नोंदवलेल्या साच्याशी तो जुळला नाही की मेसेज अडतो, म्हणजे सूट तर नाहीच, आठवणही पोचत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरही असा मिसळलेला मजकूर मार्केटिंगच्या वर्गात टाकला जातो. यंत्रणा बाजूला ठेवली तरी, रुग्णाने नंबर दिला तो भेटीपुरता. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात औषधाच्या दुकानाचे उदाहरण आहे: गिऱ्हाइकाने पैसे मिळाल्याचा मेसेज यावा म्हणून नंबर दिला, तर दुकानाने तो त्या पावतीसाठी वापरावा. आठवणीलाही हीच रीत लागू करावी. सवलती कळवायच्या असतील तर नोंदीच्या अर्जावर वेगळा चौकोन ठेवावा, आणि तो आधीच बरोबरची खूण करून देऊ नये.

वेळ चांगली ठरवूनही मेसेज भलत्या वेळी पोचतात, त्यामागे दोन कारणे नेहमी सापडतात. पहिले, सर्व्हरचे घड्याळ. ते जागतिक वेळेवर चालत असेल आणि कोणी तिथे 18:30 भरले, तर आपल्याकडे मेसेज मध्यरात्री बाराला पडतो. सगळे मेसेज बरोबर साडेपाच तास उशिरा जात असतील, तर दुसरीकडे शोधू नका. दुसरे, बंद फोन. फोन बंद असला की एसएमएस पोचवण्याचा प्रयत्न चालू राहतो, आणि रुग्णाने रात्री एकला फोन सुरू केला की तेव्हा तो वाजतो. यासाठी मेसेजची वैधता तीन तासांवर आणावी. सव्वापाचचा मेसेज सव्वाआठनंतर रद्द होऊ द्यावा.

घड्याळाचा आणखी एक प्रकार नाशिकमध्ये वाढतो आहे. आजींची भेट न्यू जर्सीतला मुलगा ठरवतो आणि स्वतःचा नंबर देतो. आपले संध्याकाळी साडेसहा म्हणजे हिवाळ्यात त्याचे सकाळचे आठ, ते ठीक आहे. पण सकाळी साडेदहाला केलेला फोन त्याच्याकडे मध्यरात्री वाजतो. +91 ने सुरू न होणारे नंबर वेगळे काढून त्यांना फोन न करता संध्याकाळचा मेसेजच पाठवावा. शिवाय फोन दुसऱ्याचा असेल तर मेसेजमध्ये उपचाराचे नावही नको. तारीख, वेळ आणि दवाखान्याचे नाव एवढेच पुरते.

वेळ चुकते आहे हे तक्रारीच्या आधी नोंदवहीत दिसते. प्रत्येक फोनपुढे वेळ आणि तीनपैकी एक खूण करावी: उचलला, वाजून थांबला, कापला. ‘वाजून थांबला’ म्हणजे माणूस कामात होता; पुढच्या भेटीच्या वेळी दुसरा तास धरून पाहावा. ‘कापला’ म्हणजे त्याने पाहिले आणि नको म्हटले. त्याच संध्याकाळी पुन्हा फोन करू नये. एकाच तासात कापलेले फोन जास्त दिसू लागले, तर तो तासच सोडावा.

आणि कोणी ‘आठवण पाठवू नका’ म्हटले, तर काउंटरवरच्या ताईंना ते त्याच क्षणी यादीत बंद करता आले पाहिजे. अर्ज भरा, ईमेल करा असे सांगू नये. संमती देणे जितके सोपे होते तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असे तो कायदाही म्हणतो. अशा रुग्णाची पुढची वेळ छापील कार्डावर लिहून हातात द्यावी.