लंबकाची रेघ शून्यातून जात नाही तेव्हा

साध्या लंबकाचा प्रयोग तपासताना मी आधी आलेख पाहते. जर्नलमध्ये लांबी आणि आवर्तकालाचा वर्ग यांची रेघ बहुतेकदा आरंभबिंदूतून काढलेली असते, बिंदू तसे सांगत नसले तरी.

एका वहीतली वाचने घ्या. 40 सेंमी दोऱ्याला 20 आंदोलनांस 25.7 सेकंद, 100 सेंमीला 40.3. प्रत्येकावरून वेगळा g काढला तर 9.56 आणि 9.72 येतो. लांबीबरोबर उत्तर वाढत जाणे ही खूण आहे: मुलाने दोरा मोजला, पण गोळ्याची सुमारे 1 सेंमी त्रिज्या मिळवली नाही. बिंदूंमधून जाईल तशी सरळ रेघ काढली, तर ती शून्याच्या किंचित वर अक्षाला छेदते, आणि तिच्या चढावरून g 9.83 मिळतो. रेघ बळेच शून्यातून ओढली की ही चूक दिसतच नाही.

आता त्रुटी. घड्याळ दाबताना 0.2 सेकंद इकडेतिकडे होतात. 40 सेकंदांत हे अर्धा टक्का, आणि काळाचा वर्ग होत असल्याने g मध्ये एक टक्का, म्हणजे साधारण 0.1. मग 9.806 लिहिण्याला आधार नाही, 9.8 ± 0.1 पुरे.

शेवटी निष्कर्ष: ‘आवर्तकाल वस्तुमानावर अवलंबून नाही.’ विधान खरे आहे, पण प्रयोगात गोळा एकच होता. मी ते खोडते आणि समासात विचारते, कोणत्या वाचनावरून?