उशिरा मोजलेली नाडी

बाटल्यांवर लेबल चिकटवणारं एक छोटं यंत्र काही दिवस माझ्या टेबलावर होतं. तक्रार साधी होती: मोटर मिनिटाला 3000 फेऱ्यांच्या वेगात आली की गिअरमधून बारीक टकटक ऐकू येते. ऐकणाऱ्या प्रत्येकाने दोष गिअरच्या दात्यांना दिला, मग बेअरिंगला. आम्ही कपलिंगही बदललं. टकटक तशीच राहिली.

शेवटी एकाने वेग निम्मा करून पाहिला. आवाज थोडा हलका झाला, पण टकटक सेकंदाला दहा वेळाच होत राहिली. इथेच गिअर निर्दोष सुटला. दाता तुटला असता, शाफ्ट वाकला असता, तर फेऱ्या निम्म्या झाल्यावर टकटकही निम्मी व्हायला हवी होती. जो आवाज मोटरच्या वेगाला जुमानत नाही, तो मोटरमधून येत नसतो. या यंत्रात सेकंदाला दहा वेळा घडणारी गोष्ट एकच होती: पुढच्या छोट्या पडद्यावरचे आकडे ताजे होणं.

पडद्याचा आणि मोटरचा संबंध काय? दोघांचा मेंदू एकच. आतल्या मायक्रोकंट्रोलरवर चार-पाच कामं आळीपाळीने चालतात आणि कोणाची पाळी कधी ते शेड्युलर ठरवतो. मोटर सांभाळणाऱ्या कामाला, म्हणजे कंट्रोल टास्कला, दर मिलिसेकंदाला एकदा उठायचं असतं. उठायचं, मोटरचा वेग पाहायचा, हव्या असलेल्या वेगाशी तुलना करायची, व्होल्टेज थोडं कमी-जास्त करायचं आणि पुन्हा झोपायचं. या चक्रालाच कंट्रोल लूप म्हणतात.

वेग पाहायचा म्हणजे काय, यात सगळी मेख आहे. शाफ्टवर एन्कोडर बसवलेला असतो आणि इथला एन्कोडर एका फेरीत 4000 ठोके देत होता. 3000 आरपीएम म्हणजे सेकंदाला 50 फेऱ्या, म्हणजे दोन लाख ठोके, म्हणजे मिलिसेकंदाला 200. टास्क उठली की मागच्या वेळेपासून किती ठोके पडले ते बघते, त्याला 15 ने गुणते आणि वेग मिळतो.

नाडी पाहणारा नेमकं हेच करतो. पंधरा सेकंद ठोके मोजायचे आणि चारने गुणायचं. 18 ठोके आले तर 72. आता समजा, घड्याळ धरून बसलेल्या माणसाने ‘थांबा’ म्हणायला दीड-पावणेदोन सेकंद उशीर केला. ठोके येतील 20 आणि आपण म्हणू 80. पुढची मोजणी मात्र ठरल्या वेळी संपली, तर तिला तेवढाच वेळ कमी मिळेल आणि उत्तर येईल 64. रोग्याचं हृदय या सगळ्यात एका लयीत चाललेलं असतं.

आमच्या यंत्रात तेच होत होतं. कंट्रोल टास्कला सर्वात वरची प्रायॉरिटी दिलेली होती, आणि बहुतेकांची समजूत असते की तेवढं केलं की काम झालं. पण पडद्याला आकडे पाठवणारा कोड थोडा वेळ इंटरप्टच बंद ठेवायचा, मध्ये कोणी लुडबुड करू नये म्हणून. इंटरप्ट बंद असताना प्रायॉरिटी कितीही मोठी असली तरी उपयोग नाही, कारण उठवणारी घंटाच वाजत नाही. त्यात दोन्ही टास्क एकाच घड्याळावर चालत असल्याने हा बंद काळ दर वेळी कंट्रोलच्या वेळेवरच आडवा येई. मग ती टास्क 0.1 मिलिसेकंद उशिरा उठायची.

तेवढ्यात 200 ऐवजी 220 ठोके जमा व्हायचे. टास्क मात्र ‘एक मिलिसेकंद झाला’ असं गृहीत धरून गुणाकार करायची: 3300. मोटर फार पळतेय, व्होल्टेज कमी करा! पुढच्या वेळी घंटा वेळेवर वाजायची, मधलं अंतर 0.9 मिलिसेकंदच उरायचं, ठोके 180, वेग 2700. मोटर मागे पडली, व्होल्टेज वाढवा! लागोपाठ दोन उलटसुलट धक्के, दोन्ही नसलेल्या आजारावरचे. शाफ्टचा वेग त्यामुळे फारसा हलत नव्हता, पण करंट झटका खात होता आणि गिअरच्या दात्यांमधली फट तेवढ्यात वाजत होती. वेग निम्मा केल्यावर खोटी चूक 300 वरून 150 वर आली, म्हणून आवाज हलका झाला होता.

सॅम्पल घेण्याच्या वेळेतल्या या डगमगीला जिटर म्हणतात. ती लपून राहते याचं कारण सरासरी. सेकंदभराच्या हजार नोंदींत दहा जास्तीच्या आणि दहा कमीच्या असतात, आणि सरासरी 3000 वर बिनचूक बसते. पडद्यावर आम्ही तोच सरासरी आकडा पाहत होतो.

आम्ही पडदा शंभराऐवजी दोनशे मिलिसेकंदांनी ताजा करून पाहिला. टकटक सेकंदाला पाचवर आली. मग ऑसिलोस्कोप लावला. टास्क उठल्याबरोबर एक पिन वर करायची आणि ट्रिगर मात्र हार्डवेअर टायमरच्या पिनवरून घ्यायचा. स्कोपचा पर्सिस्टन्स चालू ठेवला की जुन्या रेषा पुसल्या जात नाहीत. सरळ उभी कड दिसायला हवी होती, तिच्या उजवीकडे 0.1 मिलिसेकंदावर दुसरी फिकट कड उमटली.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे वेगाच्या आकड्याला फिल्टर लावणं. मला तो आवडत नाही. आमचा लूप साधारण 50 हर्ट्झपर्यंतचे बदल सांभाळायचा. तिथे 0.1 मिलिसेकंदाचा उशीर म्हणजे फेजमध्ये दोन अंशांहूनही कमी, नगण्य. पण टकटक दाबण्याइतका, म्हणजे 2 मिलिसेकंदांचा साधा फिल्टर लावला, तर तो त्याच जागी सुमारे 32 अंश खातो. म्हणजे लूप डोलायला लागण्याआधी हाताशी असलेली सवलत बरीचशी संपली. आमचं दुखणं उशिराचं नव्हतंच, चुकीच्या भागाकाराचं होतं.

मग खरा कालावधी मोजून त्याने भागायचं का? चालतं. 220 ला 1.1 मिलिसेकंदाने भागलं की पुन्हा 3000 येतात. पण त्यासाठी ठोके आणि वेळ अगदी एकाच क्षणी वाचायला हवेत. दोहोंच्या मध्ये एखादा इंटरप्ट घुसला की चूक मागच्या दाराने परत येते.

आम्ही वाचण्याचं काम टास्ककडून काढूनच घेतलं. आता टायमरचा ठोका पडला की डीएमए नावाची यंत्रणा प्रोसेसरला न विचारता एन्कोडरचा आकडा मेमरीत उतरवून ठेवते. टास्क केव्हाही उठो, आकडा ठरल्या क्षणाचा असतो. तिने काढलेलं व्होल्टेजही लगेच मोटरकडे जात नाही, पुढच्या ठोक्याला लागू होतं. याची किंमत आहे: दर वेळी पूर्ण एक मिलिसेकंद उशीर, 50 हर्ट्झला 18 अंश. पण हा उशीर कायमचा आणि माहितीचा असल्यामुळे लूपचे गेन ठरवतानाच हिशेबात धरता येतो. पाण्याच्या टाकीचं तापमान राखणाऱ्या कंट्रोलरला यातलं काहीच करायची गरज नाही. तिथे पाणी तापायलाच मिनिटं लागतात.

बदल केल्यावर पडदा पुन्हा शंभर मिलिसेकंदांवर आणला आणि वेग 3000 केला. टकटक नव्हती. स्कोपवर मात्र ती दुसरी फिकट कड तशीच होती. टास्क अजूनही सेकंदाला दहा वेळा उशिराच उठत होती.