एका एंजिनाचा घात

१२ डिसेंबर १९५३ रोजी, रात्रीच्या विमान टपालसेवेतील एक डाकोटा नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून उडाले. धावपट्टी सुटते न सुटते तोच डाव्या एंजिनाची शक्ती गेली आणि ताबा सुटून विमान कोसळले. चौदांपैकी तेरा जण दगावले. उजवे एंजिन चालू असताना विमान पडावे कसे, असा प्रश्न सामान्य वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. विलक्षण गोष्ट अशी की, अशा प्रसंगी चालू एंजिनाचा जोरच विमानाच्या मुळावर येऊ शकतो.

परभणीकडच्या शेतकऱ्याला यातले निम्मे शास्त्र ठाऊकच आहे. जोडीतला डावा बैल थबकला आणि उजवा ओढत राहिला, तर गाडी डावीकडे वळते. डाकोटाच्या प्रत्येक पंखावर बाराशे अश्वशक्तीचे एंजिन असे. डावे बंद पडताच नाक डावीकडे वळू लागते. त्यातच बंद एंजिनाचा वाऱ्याने फिरणारा पंखा अडथळा बनून ती ओढ वाढवितो. उजव्या पंखावरून मात्र चालू पंख्याचा झोत वाहत असल्याने तो अधिक उचलला जातो आणि विमान डाव्या कुशीवर कलंडू लागते.

ही ओढ थोपविण्याचे मुख्य साधन म्हणजे शेपटीवरील उभे सुकाणू. पण त्याचे बळ वाऱ्यावर अवलंबून असते आणि ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ताशी २०० किलोमीटर वेगाला जेवढे बळ मिळते, त्याच्या निम्मेच १४० ला उरते. उलट, वेग कमी झाला म्हणून पंख्याची ओढ कमी होत नाही. ती काहीशी वाढतेच. ज्या वेगाला पूर्ण दाबलेले सुकाणू ही ओढ जेमतेम तोलून धरते, तोच किमान नियंत्रणवेग होय. लहान विमानांच्या वेगमापकावर तो तांबड्या रेघेने दाखविलेला असतो.

दोन्ही एंजिने सारखीच घातक नसतात. डाकोटाचे दोन्ही पंखे मागून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. नाक वर असताना उजवीकडून खाली येणारे पाते हवेला अधिक रेटते. त्यामुळे उजव्या पंख्याची ओढ विमानाच्या मध्यरेषेपासून आणखी दूर सरकते. म्हणूनच डावे एंजिन जाणे अधिक वाईट. नागपूरला तेच गेले होते.

रेघेवरचा आकडाही अटींनी बांधलेला आहे. विमान चालू एंजिनाच्या बाजूला, फार तर पाच अंश, कललेले आहे असे त्यात गृहीत धरतात. पंख आडवे सपाट ठेवले, तरी प्रत्यक्षातील किमान वेग वाढतो. सुकाणू पूर्ण दाबूनही नाक वळतच राहिले, तर ती मर्यादा ओलांडली असे समजावे. तेव्हा उपाय दोनच: नाक खाली करून वेग मिळविणे आणि चालू एंजिनाची शक्ती कमी करणे.

जमीन समोर दिसत असताना हे दोन्ही उपाय मनाविरुद्ध जातात. वैमानिक नाक वर खेचतो, पूर्ण शक्ती लावतो, आणि विमान उलटते. शक्ती कमी केली, तर ते समोरच्या शेतात आदळेल, पण सरळ आदळेल. वाचण्याची आशा असते ती त्या सरळपणातच.