प्रश्न एक, वेष तीन

वडील वारले, आता सातबाऱ्यावर नाव लावायचंय. मुलगा मोबाइलवर हे तीन तऱ्हांनी विचारू शकतो: ‘सातबाऱ्यावर वारसनोंद कशी करायची?’, `satbara var varas nond kashi karaychi`, किंवा `7/12 var heir name add करायला काय लागतं`. महसुली माहितीपत्रकांवर शोधयंत्रणा बसवली, तर तिन्ही वेळा तेच पत्रक वर यायला हवं. हे काम एम्बेडिंग मॉडेलचं. ते प्रत्येक मजकूर आकड्यांच्या लांब रांगेत बदलतं (`multilingual-e5-large` आणि `BGE-M3` १०२४ आकडे देतात) आणि अर्थाने जवळच्या मजकुरांच्या रांगाही जवळ येतात.

कोणतं मॉडेल घ्यायचं, हे क्रमवारीचे तक्ते पाहून ठरत नाही. आपली पत्रकं आणि आपल्या लोकांचं टायपिंग त्या तक्त्यांत नसतं. म्हणून खरे विचारले गेलेले ४० प्रश्न घ्यावेत, प्रत्येकाचे वरचे तीन वेष करावेत आणि बरोबर पत्रक कोणतं, ते माणसाने आधीच लिहून ठेवावं. साठ्यात फसवी पत्रकं हवीतच: बोजा चढवणं, खरेदीची नोंद, बक्षीसपत्राची नोंद. सगळीकडे ‘सातबारा’ आणि ‘नोंद’ आहेच. मॉडेलला खरोखर अर्थ कळतो की नाही, ते इथे उघडं पडतं.

मग मोजायचं एवढंच, की बरोबर पत्रक पहिल्या पाचांत आलं का. समजा, पहिल्या मॉडेलला देवनागरीत ३६, रोमनमध्ये १८ आणि मिश्र भाषेत ३० प्रश्न जमले. दुसऱ्याला ३१, २७ आणि २९. बेरीज ८४ आणि ८७, म्हणजे जवळपास सारखीच. पण रोमनमधली दरी त्या बेरजेत दडून जाते. तुमचे बहुतेक लोक रोमनमध्येच लिहीत असतील, तर दुसरं घ्यावं. पहिलंच आवडत असेल, तर रोमन प्रश्न आधी देवनागरीत उतरवून तीच चाचणी पुन्हा घ्यावी.

चाचणीतच चूक झाली, तर चांगलं मॉडेलही नापास होतं. `multilingual-e5`ला प्रश्नाआधी `query: ` आणि पत्रकाआधी `passage: ` द्यावं लागतं. ते विसरलं की निकाल घसरतो. शिवाय ते एका वेळी ५१२ टोकनच वाचतं. पुढचा मजकूर गळतो, आणि आवश्यक कागदपत्रांची यादी नेमकी पत्रकाच्या तळाशी असते! पत्रकाचे तुकडे करूनच ते साठ्यात घालावं. याच मॉडेलचे साम्यगुण बहुधा ०.७ ते १ या पट्ट्यातच दाटतात. त्यामुळे ०.८ दिसलं म्हणून हुरळू नये, आणि दोन मॉडेलांचे गुण शेजारी ठेवून तुलनाही करू नये. पाहायचा तो क्रम.

चाळीसांत एक-दोन प्रश्नांचा फरक पडला, तर तो योगायोगही असू शकतो. तेव्हा निवड लांबणीवर टाकून आणखी प्रश्न गोळा करावेत, विशेषतः जिथे दोन्ही मॉडेलं चुकली तसले.